कुत्रा मोठाच हवा : आंरी रूसो आणि समूह-छायाचित्राचे चित्र

समूह-छायाचित्रातील माणसे एकमेकांपासून वेगळी कशामुळे ओळखू येतात, असे विचारले तर उत्तर बहुधा 'चेहऱ्यामुळे' असे येईल. परंतु त्याच छायाचित्रावरून रेखाटन किंवा रंगचित्र करावयास घेतले, आणि तेही हुबेहूब नव्हे तर सपाट रंगांचे, ठळक बाह्यरेषांचे, एका विशिष्ट शैलीत बसवलेले, तर सर्वांत आधी हातातून निसटतो तो चेहराच. डोळे, नाक, मिशा यांचा एक साचा तयार होतो आणि तो सर्वांच्या तोंडावर बसतो. मग माणूस ओळखायचा तो तीन गोष्टींवरून : तो कोठे उभा वा बसलेला आहे, इतरांच्या मानाने केवढा आहे, आणि त्याने काय घातले आहे. या तीन गोष्टी सांभाळल्या गेल्या तर चेहरे साचेबंद असूनही समूह जिवंत राहतो. त्या सुटल्या तर चेहरे कितीही घोटले तरी उरते ती गर्दी.

या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासाठी आम्ही फ्रेंच चित्रकार आंरी रूसो (१८४४–१९१०) याची काही चित्रे निवडली आहेत. हा तत्त्वज्ञ रूसो नव्हे. पॅरिसच्या वेशीवर मालावरील जकात वसूल करणाऱ्या खात्यात नोकरी करून १८९३ मध्ये निवृत्त झालेला, कोणत्याही कलाशाळेत न शिकलेला हा चित्रकार. मित्रांनी त्याला 'दुआनिए', म्हणजे जकातवाला, असे नाव दिले आणि ते त्याला कायमचे चिकटले. त्याची जंगलचित्रे सर्वांना ठाऊक असतात; त्याची समूहचित्रे त्या मानाने मागे पडली. त्यांपैकी एक चित्र आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फारच मोलाचे आहे, कारण ते ज्या छायाचित्रावरून काढले ते छायाचित्रही टिकून राहिले आहे. ते चित्र म्हणजे १९०८ मधील 'पेर झ्युनिएचा टांगा'. आज ते पॅरिसच्या ऑरांझरी संग्रहालयात आहे.

क्लोद झ्युनिए हा रूसोच्या वस्तीतला, पॅरिसच्या प्लेझांस भागातला किराणा-भाजीचा दुकानदार. रूसोचे त्याच्याकडे येणे-जाणे होते, आणि उधारीही होती. हे चित्र त्या उधारीच्या फेडीत दिले गेले, अशी हकीकत सांगितली जाते. झ्युनिएला आपल्या पांढऱ्या घोडीचे आणि टांग्याचे कौतुक होते. घोडीचे नाव रोझा. कुटुंब टांग्यात बसून पॅरिसजवळच्या क्लामारकडे फिरावयास गेले असताना छायाचित्र काढले गेले आणि त्यावरून रूसोने सुमारे ९७ सेंटिमीटर उंच व १२९ सेंटिमीटर रुंद असे तैलचित्र केले. टांग्यातील मंडळींत त्याने स्वतःलाही बसवले आहे. गवती टोपी घातलेला, पुढच्या बाजूला बसलेला गृहस्थ म्हणजे खुद्द चित्रकार.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे चित्र ज्याच्यासाठी काढले तो कलासमीक्षक नव्हता. आपण, आपली बायको, घरातली मुले, आपली घोडी आणि आपले कुत्रे हे सर्व जागच्या जागी आहेत की नाही, हे तो आधी पाहणार होता. उधारी फेडावयाची तर चित्रातला प्रत्येक जण त्याच्या घरच्यांना बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. म्हणजे आमचा प्रश्न हा रूसोपुढे सैद्धान्तिक नव्हता, तो व्यवहाराचा होता.

छायाचित्र या कामी किती उपयोगी पडते आणि कोठे दगा देते, हे थोडे तपशिलाने पाहू.

पहिली गोष्ट जागेची. छायाचित्रात माणसे एकमेकांना झाकतात. एकाचा खांदा दुसऱ्याच्या छातीवर येतो, मुलाचे डोके आईच्या हातामागे जाते. छायाचित्रात हे झाकणे आपल्याला खटकत नाही, कारण छायाप्रकाशाच्या उतारावरून कोण पुढे आणि कोण मागे हे डोळा आपोआप जाणतो. शैलीबद्ध चित्रात हा उतार काढून टाकलेला असतो. मग उरते ती केवळ रेषा. दोन आकृत्यांच्या बाह्यरेषा जेथे एकमेकींना नुसत्या स्पर्श करतात तेथे कोण पुढे हे कळेनासे होते. दोन्ही आकृत्या एका पातळीवर चिकटल्यासारख्या दिसतात. म्हणून जाणता चित्रकार दोन गोष्टींपैकी एक करतो. झाकणे स्पष्ट, निःसंदिग्ध ठेवतो. किंवा दोघांना थोडे दूर सारून मध्ये पार्श्वभूमीची एक पट्टी दिसू देतो. मात्र दूर सारताना क्रम बदलता कामा नये. डावीकडून तिसरा तो तिसराच राहिला पाहिजे, कारण घरचे लोक चित्र वाचतात ते याच क्रमाने.

झ्युनिएच्या टांग्यात क्रम टांग्यानेच बांधून दिला होता. कोण पुढे, कोण मागे, लगाम कोणाच्या हाती हे ठरलेलेच. रूसोने पुढे केले ते असे की, घोडी पूर्ण बाजूने दाखवली, आणि टांग्यातील मंडळी मात्र आपल्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, तोंड करून बसवली. फिरावयास निघालेल्या कुटुंबाने असे एकत्र आपल्याकडे पाहणे हे छायाचित्रातच शक्य आहे. रूसोने ही छायाचित्रातली पोझ लपवली नाही. मागे झाडे, पुढे रुंद मोकळा रस्ता. त्या मोकळेपणामुळे प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ही सर्वांत अवघड. छायाचित्राच्या काचेवर माणसाची जी उंची उमटते ती त्याची खरी उंची नसते. ती त्याच्या खऱ्या उंचीवर, तो कॅमेऱ्यापासून किती अंतरावर आहे यावर, आणि तो उभा आहे की बसलेला यावर अवलंबून असते. मागच्या रांगेतला सहा फुटी माणूस पुढच्या रांगेतल्या पाच फुटी माणसाएवढाच उमटू शकतो. छायाचित्र पाहताना आपण ही चूक नकळत दुरुस्त करतो, कारण पायाखालची जमीन मागे मागे जाताना दिसत असते. चित्रकाराने जमीन सपाट केली की दुरुस्तीचा तो आधारच जातो. मग काचेवरचे माप जसेच्या तसे उतरवले तर मागचा उंच माणूस खरोखरच बुटका ठरतो. छायाचित्राशी इमान राखूनही माणसाशी बेइमानी होते ती अशी.

यातून वाट काढण्याची जुनी रीत चौकटींची. छायाचित्रावर समान चौकटी आखावयाच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या आकारात कॅनव्हासवर आखावयाच्या आणि एकेक चौकट उतरवावयाची. जागा सांभाळण्यास ही रीत उत्तम आहे. कोणाचे डोके कोणाच्या खांद्याच्या पातळीत येते, हे तिच्यात चुकत नाही. परंतु ती काचेवरचेच माप देते, माणसाचे नव्हे. उंचीचा निर्णय चित्रकाराला स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

रूसोला मापांची किती आस्था होती याचा एक दाखला साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष रुचेल असा आहे. १९०९ मध्ये त्याने कवी गियोम आपोलिनेर आणि चित्रकर्ती मारी लोरांसँ यांचे 'कवीला स्फूर्ती देणारी काव्यदेवता' हे जोडचित्र काढले. 'ले सुआरे द पारी' या नियतकालिकाने १९१४ च्या आरंभी रूसोवर अंक काढला, त्यात आपोलिनेरने त्या बैठकींची हकीकत लिहिली आहे. रूसोने आधी त्याचे नाक, तोंड, कान, कपाळ, हात आणि सबंध शरीर मोजून घेतले, आणि ती मापे कॅनव्हासच्या प्रमाणात लहान करून उतरवली. काम करताना तो आपल्या तरुणपणातली गाणी म्हणत असे. आपोलिनेर हा काही विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. रूसो तरुणपणी सैन्याबरोबर मेक्सिकोला गेला होता ही दंतकथा पसरवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि वस्तुतः रूसोने फ्रान्स कधी सोडलाच नाही. तरीही मोजण्याची ही हकीकत चित्राशी जुळते, कारण चित्रातील कवी शिंप्याने माप घेतल्यासारखा, ताठ आणि समोरून दिसणारा आहे.

पण त्याच चित्रातली काव्यदेवता पाहा. मारी लोरांसँ ही सडपातळ स्त्री होती. चित्रात ती भरगच्च, कवीच्या बरोबरीने जागा व्यापणारी झाली आहे. मोठ्या कवीला काव्यदेवताही मोठीच हवी, असे रूसोने यावर म्हटल्याचे सांगतात. म्हणजे ज्या हाताने कवीचे कान मोजले त्याच हाताने काव्यदेवतेचे माप बाजूला ठेवले. या दोन कृतींत आम्हांला विसंगती दिसत नाही. मापाचा अर्थ कळण्यासाठी आधी माप घ्यावे लागते. ते घेतल्यावर कोठे पाळावयाचे आणि कोठे सोडावयाचे हे ठरवता येते.

आता पुन्हा टांग्याकडे येऊ. या चित्रात टांग्याखाली एक काळा कुत्रा आहे आणि घोडीच्या पुढ्यात एक अगदी चिमुकला कुत्रा आहे. काळा कुत्रा इतका मोठा की टांग्यातल्या माणसांशी त्याचे प्रमाण जुळत नाही, आणि चिमुकला इतका लहान की खेळण्यासारखा वाटतो. अमेरिकन चित्रकार मॅक्स वेबर त्या काळात पॅरिसमध्ये शिकत होता आणि रूसोच्या घरी जात असे. चित्र चालू असताना त्याने हे पाहिले व कुत्रा फार मोठा झाला नाही का, असे विचारले. रूसोने विचार करून सांगितले की नाही, तो तसाच असावयास हवा.

या एका उत्तरावर रूसोविषयीच्या दोन मतांचे भांडण उभे आहे. एक मत असे की रूसोला प्रमाण साधतच नसे. तो भोळा, स्वयंभू, अजाण चित्रकार. त्याच्या चुका हेच त्याचे सौंदर्य. दुसरे मत असे की प्रमाण त्याला दिसत होते, पण पाळावयाचे नव्हते. केवळ चित्र हाती असते तर हा वाद सुटला नसता. परंतु येथे छायाचित्र आहे. प्रमाण शिकण्यासाठी कलाशाळेची गरज नव्हती, ते त्याच्या समोर कागदावर छापलेले होते. ज्याने टांग्याची आणि माणसांची मांडणी छायाचित्रावरून घेतली त्याला कुत्र्यांची मापेही घेता आली असती. वेबरने विचारल्यावरही त्याने ती घेतली नाहीत. तेव्हा 'येत नव्हते' हे स्पष्टीकरण येथे पुरत नाही.

मग कुत्रा मोठा का? आमच्या मते उत्तर चित्राच्या तोलात आहे. उजवीकडे-डावीकडे पसरलेल्या या चित्रात घोडीचे पांढरे अंग हा एक मोठा उजळ आकार आहे. टांग्याखालची जागा रिकामी ठेवली तर टांगा चाकांवर अधांतरी राहिला असता. तेथे एक गडद, भरीव आकार बसवला की टांगा जमिनीला टेकतो. तेथे तेवढ्याच आकाराचा गडद डाग लागणार होता. खरा कुत्रा त्याला पुरला नसता. आणि कुत्र्याचे माप बदलले तरी झ्युनिए कुटुंबाची ओळख बदलत नव्हती. माणसांच्या आपसातल्या उंचीला त्याने हात लावला नाही; मोठे ते मोठे, लहान ते लहान राहिले. सूट घेतली ती कुत्र्यांपाशी. शैलीसाठी वास्तव कोठे वाकवावे याचा याहून शहाणा निर्णय आम्हांला सुचत नाही.

तिसरी गोष्ट पोशाखाची. येथे छायाचित्राची अडचण वेगळीच आहे. त्या काळातील सर्वसाधारण काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला फार आणि तांबड्याला जवळजवळ नाहीच, अशा रीतीने उमटत असे. परिणामी निळा झगा छायाचित्रात फिकट, पांढुरका दिसे आणि तांबडा गळपट्टा काळा दिसे. केवळ छटेवरून रंग ओळखावयास जाल तर निळे कपडे घातलेल्या बाईला पांढरी साडी नेसवल्यासारखे होईल. शिवाय काळे कोट शेजारी शेजारी आले की त्यांचा एकच काळा डोंगर होतो. एकाचा हात कोठे संपला आणि दुसऱ्याची पाठ कोठे सुरू झाली हे दिसत नाही. म्हणून पोशाख छायाचित्रावरून नव्हे, माणसांकडून घ्यावा लागतो. झ्युनिए मंडळी रूसोच्या शेजारचीच होती, तेव्हा त्याला ही सोय होती.

रूसोच्या रंग भरण्याच्या पद्धतीचाही येथे उपयोग झाला असावा. इटालियन लेखक-चित्रकार आर्देंगो सोफिची याने त्याला काम करताना पाहिले होते. त्याच्या सांगण्याप्रमाणे रूसो आधी सर्व आकार रेषेने बंदिस्त करी आणि मग एकेक रंग घेऊन तो जेथे जेथे हवा तेथे भरून टाकी; हिरवा संपल्यावर तांबडा, मग दुसरा. या पद्धतीत कपडा म्हणजे रेषेने वेढलेले एक स्वतंत्र क्षेत्र होते. एकाच रंगाची दोन क्षेत्रे शेजारी आली तर ती भरतानाच चित्रकाराच्या लक्षात येते, कारण कुंचला एका क्षेत्रातून सरळ दुसऱ्यात शिरतो. छायाप्रकाश आधी आणि रंग नंतर असे काम करणाऱ्याला हा इशारा इतक्या लवकर मिळत नाही.

पोशाखाचे महत्त्व किती, हे कळण्यासाठी रूसोचेच एक जुने चित्र पाहावे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील 'तोफखान्याचे शिपाई' हे चित्र १८९३ ते १८९५ च्या सुमाराचे मानतात. तोफेभोवती शिपाई मांडून बसवले आहेत, आणि हे चित्रही एखाद्या पलटणीच्या छायाचित्रावरूनच उतरले असावे असे अभ्यासक मानतात. येथे सर्वांचा गणवेश एक, मिशा एक, बसण्याची ऐट एक. जागा प्रत्येकाची वेगळी आहे, तरी कोण कोण हे कळण्यास ती एकटी पुरत नाही. डोळा एका शिपायावरून दुसऱ्यावर जातो आणि तोच माणूस पुन्हा भेटल्याचा भास होतो. कदाचित सैन्याचे छायाचित्र हेच सांगण्यासाठी काढलेले असते, आणि त्या अर्थाने चित्र खोटे नाही. पण त्या शिपायांपैकी एखाद्याच्या आईला आपला मुलगा त्यात शोधता आला असता, असे आम्हांला वाटत नाही.

याउलट १९०५ च्या सुमाराचे 'विवाह' हे चित्र. हेही ऑरांझरीतच आहे. याचे मूळ छायाचित्र समोर नाही, परंतु मांडणी लग्नाच्या छायाचित्राचीच आहे : मध्ये वधू, भोवती घरची माणसे, दोन्ही बाजूंना झाडे, आणि पुढे एक काळा कुत्रा, येथेही प्रमाणाबाहेर. पुरुषांचे पोशाख काळेच आहेत, म्हणजे शिपायांच्या चित्रातला धोका येथेही होता. तो टळला तो वधूच्या पांढऱ्या झग्यामुळे. तो मोठा पांढरा आकार मध्ये आल्याने समूहाचे भाग पडतात आणि वधूच्या कोणत्या बाजूला, पुढे की मागे, यावरून प्रत्येकाचे नाते कळू लागते. मात्र याची किंमतही रूसोने मोजली आहे. वधूचे पाय जमिनीला टेकलेले दिसत नाहीत. ती जणू तरंगते आहे. सपाट केलेल्या समूहात उभ्या माणसाचे पाय नीट दाखवले नाहीत तर असे होते. शैलीबद्ध चित्र तपासताना म्हणूनच आधी पायांकडे पाहावे. पाय कोठे टेकतात हे सांगता आले नाही तर उंचीविषयीचे कोणतेही विधान अधांतरी राहते. टांग्याच्या चित्रात ही अडचण उद्भवली नाही याचे साधे कारण असे की तेथे सर्व जण बसलेले होते आणि पाय टांग्याने झाकले होते.

आता आपोलिनेरच्या हकीकतीतला एक उरलेला भाग सांगून थांबतो. जोडचित्र प्रदर्शनात लागले तेव्हा त्याच्या नावात कवीचे नाव नव्हते. ते आपोलिनेरसारखे दिसत नाही, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. तरीही ते त्याचेच आहे हे लोकांनी ओळखले. आपोलिनेरने याच विरोधाभासावर बोट ठेवले आहे : सारखे दिसत नव्हते, तर मग ओळखले कसे?

आमच्या मते याचे उत्तर झ्युनिएच्या टांग्यात सापडते. आपण माणूस ओळखतो तो पुष्कळदा चेहऱ्याच्या आधी ओळखतो. तो कोणाच्या शेजारी बसतो, त्या शेजाऱ्याच्या मानाने केवढा दिसतो, आणि अंगावर काय घालतो यांवरून. छायाचित्र ही माहिती एका क्षणात टिपते, पण ती छटांच्या गर्दीत मिसळलेली असते. रूसोने ती एकेक वेगळी करून घेतली, क्रम आणि पोशाख पाळले, माणसांची आपसातली उंची पाळली, आणि जेथे कोणाचीही ओळख पणाला लागलेली नव्हती त्या एका जागी, टांग्याखालच्या कुत्र्यापाशी, आपल्या मर्जीप्रमाणे केले. भोळ्या माणसाला हा फरक करता येत नाही. तो सगळीकडे सारखाच चुकतो.